‘तारकर्लीचा चार दिवसांचा प्लॅन पाठवा’: अपुऱ्या माहितीवर सहलीचा आराखडा मागताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात बसून कोकणातल्या सहलींचे आराखडे करताना मला सर्वांत जास्त वेळा येणारा निरोप एका ओळीचा असतो: ‘तारकर्लीचा चार दिवसांचा प्लॅन पाठवा.’ त्यात तारीख नसते, किती माणसे आहेत ते नसते, खर्चाचा अंदाज नसतो आणि निघणार कुठून हेही नसते. उलट टपाली मी प्रश्न विचारले की अनेकांना वाटते, हे टाळाटाळ करत आहेत किंवा आधी खिसा चाचपत आहेत. म्हणून माझ्याकडे पुन्हा पुन्हा येणाऱ्या शंकांची उत्तरे तारकर्ली-मालवणचेच उदाहरण धरून येथे लिहिली आहेत.

आम्हाला फक्त ढोबळ आराखडा हवा आहे. त्यासाठी एवढी माहिती कशाला?

ढोबळ आराखडा म्हणजे केवळ ठिकाणांची यादी हवी असेल, तर ती मी दोन मिनिटांत देऊ शकतो: सिंधुदुर्ग किल्ला, देवबागचा संगम, रॉक गार्डन, धामापूरचा तलाव, कुणकेश्वर आणि वेळ उरल्यास सावंतवाडी. ही यादी कोणालाही मिळते आणि तिच्यात चुकीचे काही नाही. मात्र आराखडा म्हणजे कोणत्या दिवशी किती वाजता निघायचे, कोणत्या घाटाने उतरायचे, जेवायला कुठे पोहोचायचे, रात्री कुठे टेकायचे आणि या सगळ्याला किती पैसे लागतील याचे एकमेकांत बसणारे गणित असते. या गणितातला प्रत्येक आकडा आपण न लिहिलेल्या चार गोष्टींपैकी कोणत्या ना कोणत्या गोष्टीवर उभा असतो.

एकाच ओळीच्या निरोपातून किती वेगळे आराखडे निघतात ते पाहा. कोथरूडचे सहा जणांचे कुटुंब दिवाळीनंतर नोव्हेंबरात निघाले, तर त्यांना किल्ला, समुद्र आणि ताजी मासळी हे सगळे मिळते. त्यांचा पूर्ण हिशेब पुढे दिला आहे. नागपूरचे दोघे जण जूनच्या मध्यावर निघाले, तर किल्ल्याची होडी बंद, स्कूबा बंद, आणि चारपैकी बराच वेळ येण्याजाण्यातच गेलेला, अशी स्थिती असते. दोघांच्याही निरोपातले शब्द मात्र तेच होते.

चारही गोष्टी लगेच सांगता येणार नाहीत. सर्वांत आधी कोणती सांगावी?

महिना. नेमकी तारीख ठरलेली नसली तरी चालते, पण महिना लागतोच. त्यानंतर निघण्याचे ठिकाण, मग माणसांची संख्या आणि वये, आणि सर्वांत शेवटी बजेट. अनेकांना हा क्रम उलटा वाटतो, कारण घरात चर्चा नेहमी पैशांपासून सुरू होते. परंतु पहिल्या तीन गोष्टी कळल्या की खर्चाचा खालचा आणि वरचा आकडा मला काढून देता येतो, आणि आपण त्यातून निवड करू शकता. उलट केवळ ‘चाळीस हजारांत बसवा’ एवढेच कळले, तर त्यातून महिना किंवा गाव काढता येत नाही.

तारकर्ली तर बारा महिने तिथेच आहे. महिन्याने असा काय फरक पडतो?

सर्वांत मोठा फरक होड्यांचा आहे. साधारण मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यापासून ऑगस्टअखेरपर्यंत किनाऱ्यावरची प्रवासी जलवाहतूक आणि पाण्यातले खेळ बंद ठेवले जातात. सिंधुदुर्ग किल्ला कुरटे बेटावर असल्यामुळे होडी नसेल तर तो मालवणच्या किनाऱ्यावरून फक्त पाहता येतो. महाराजांनी 1664 मध्ये ज्याचे बांधकाम सुरू केले, ज्याच्या आत शिवराजेश्वराचे मंदिर आणि चहूबाजूंनी खारे पाणी असताना गोड्या पाण्याच्या दूधबाव, दहीबाव, साखरबाव या विहिरी आहेत, तो किल्ला पाहायलाच निघालेल्या माणसाला जूनचा आराखडा देणे म्हणजे त्याची फसवणूक करणे होय.

ही चूक माझ्या हातून एकदा झाली आहे. एका कुटुंबाने ‘मे महिन्यात’ एवढेच सांगितले होते. मी मे महिना म्हणजे शाळेची सुट्टी, म्हणजे महिन्याचा मध्य, असे गृहीत धरले आणि दुसऱ्या दिवसाची सकाळ किल्ल्यासाठी ठेवली. त्यांनी जागा मात्र महिन्याच्या अखेरच्या आठवड्यात धरल्या आणि ती तारीख मी पुन्हा तपासून घेतली नाही. धक्क्यावर गेल्यावर होड्या ओढून ठेवलेल्या दिसल्या तेव्हा त्यांचा मला फोन आला, आणि देण्यासारखे उत्तर माझ्याजवळ नव्हते. तेव्हापासून मे, सप्टेंबर आणि ऑक्टोबर या तीन महिन्यांसाठी मी आठवडाही विचारतो. सप्टेंबर-ऑक्टोबरसाठी विचारण्याचे कारण असे, की होड्यांना परवानगी सुरू झाली तरी परतीच्या पावसात समुद्र खवळलेला असला तर त्या दिवशी त्या सुटत नाहीत.

दुसरा फरक ताटातला आहे. आपल्या किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते, आणि पारंपरिक मच्छीमार नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण करूनच नव्या हंगामाला सुरुवात करतात. या काळात खाडीतली आणि साठवणीतली मासळी मिळते, पण सुरमई-पापलेटाच्या ज्या ताटासाठी पुण्याहून माणसे एवढ्या लांब जातात त्याची खात्री देता येत नाही.

याचा अर्थ जूनमध्ये जाऊ नये असा मुळीच नाही. त्या महिन्याचा आराखडा आंबोलीचे धबधबे, धामापूरचा तलाव, सावंतवाडीची लाकडी खेळणी आणि गंजिफा, कुणकेश्वराचे दर्शन असा जमिनीवरचा करावा लागतो आणि तोही सुंदर होतो. एप्रिल-मेचा आराखडा देवगडच्या आंब्याभोवती फिरतो. कार्तिकानंतर गावोगावच्या जत्रांत रात्री दशावतार रंगतो आणि तो पाहायचा असेल तर दुसऱ्या दिवशीची सकाळ मोकळी ठेवावी लागते. महिना न सांगता यांतला कोणता आराखडा आपल्याला हवा आहे हे मला कळण्याचा मार्ग नाही.

तारीख ठरलेली नाही, पण गर्दी टाळायची आहे. कोणते दिवस सोडावेत?

गणपतीत तिकडे गर्दी असते ती पर्यटकांची नव्हे, तर गावी जाणाऱ्या चाकरमान्यांची, आणि त्यामुळे गाड्या व रस्ता दोन्ही भरलेले असतात. दिवाळीचा आठवडा आणि नाताळ ते 1 जानेवारी हे दिवस खोल्यांच्या दृष्टीने सर्वांत महाग असतात, आणि अनेक ठिकाणी एका रात्रीसाठी खोली देतच नाहीत. यांशिवाय पुणेकरांच्या सहसा लक्षात न येणारे एक कारण म्हणजे आंगणेवाडीची भराडीदेवीची जत्रा. ती साधारण फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास येते. तिचा दिवस पंचांगात ठरलेला नसतो, तर देवीचा कौल घेऊन ठरवला जातो, आणि जाहीर होताच मालवण परिसरातल्या खोल्या भरून जातात. म्हणून त्या काळातला आराखडा मागितल्यास मी जत्रेची तारीख लागली आहे का ते आधी पाहतो.

‘पुण्याहून’ असे सांगितले तर पुरेसे आहे ना?

बहुतेक वेळा आहे. तरी पुण्यातून म्हणजे कुठून, हे लिहिल्यास आराखडा अधिक खरा होतो. कात्रज किंवा सिंहगड रस्त्यावरून निघणारा माणूस पहाटे लगेच सातारा रस्त्याला लागतो. वाघोली किंवा चाकणच्या बाजूने निघणाऱ्याला शहर ओलांडायलाच, वेळेनुसार, आणखी तास लागू शकतो. मालवणपर्यंत जेमतेम पावणेचारशे ते चारशे किलोमीटर अंतर असले, तरी घाट आणि जेवणखाण धरून हा प्रवास दहा-अकरा तासांचा होतो, आणि एका तासाच्या उशिराने घाटातला उतार दिवसाउजेडी होईल की अंधारात हे ठरते.

पुणे सोडून दुसरे गाव असेल तर मात्र आराखड्याचा सांगाडाच बदलतो. मुंबईकरांसाठी कोकण रेल्वे हा सरळ मार्ग आहे. रात्री निघून सकाळी कणकवली किंवा कुडाळला उतरावे आणि तिथून रिक्षा किंवा गाडीने तासाभरात मालवण गाठावे, म्हणजे पहिला दिवस पूर्ण हाती लागतो. पुण्याहून जाणाऱ्याला या मार्गावरच्या बहुतेक गाड्यांसाठी पनवेल गाठावे लागते, म्हणून आम्ही सहसा रस्ताच सुचवतो. नागपूरकरांसाठी चार दिवसांत रस्त्याने जाऊन येणे मी सुचवत नाही, कारण एका बाजूचेच अंतर हजार किलोमीटरच्या घरात जाते. त्यांना विमानाने गोव्यात मोपाला उतरून दोन तासांत मालवणला येणे सोयीचे पडते. ‘चार दिवस’ हा शब्द तिघांनीही वापरला, तरी किनाऱ्यावर मिळणारा वेळ तिघांचा वेगळा असतो.

घाटाचा प्रश्नही निघण्याच्या गावाशी बांधलेला आहे. कोल्हापूरवरून उतरायला गगनबावड्याचा करूळ घाट, त्याच्या शेजारचा भुईबावडा घाट, राधानगरीवरून फोंडा घाट आणि दक्षिणेला आंबोली असे पर्याय आहेत. मध्यंतरी करूळ घाट रस्त्याच्या कामासाठी बराच काळ बंद होता आणि वाहतूक दुसऱ्या घाटांनी वळवलेली होती. पावसाळ्यात दरड आली की असे पुन्हा होते. म्हणून मी आराखड्यात घाटाचे नाव लिहितो, त्याला पर्यायी घाट लिहितो आणि निघण्याच्या आदल्या दिवशी फोन करून खात्री करायला सांगतो.

माणसे किती, हे नंतर कळवले तर चालणार नाही का? खोल्या काय, एक कमी एक जास्त.

खोल्यांचे जमते. गाडीचे जमत नाही, आणि चार दिवसांच्या सहलीत सर्वांत मोठा खर्च बहुधा गाडीचाच असतो.

बाहेरगावच्या भाड्याच्या गाडीला पुण्यात साधारणपणे दिवसाला किमान 300 किलोमीटर लावतात. गाडी तेवढी धावली नाही तरी तेवढ्याचे पैसे द्यावे लागतात. मोजणी गॅरेज टू गॅरेज असते, म्हणजे गाडी तिच्या जागेवरून निघाल्यापासून परत लागेपर्यंत. चालकाचा भत्ता, टोल आणि पार्किंग वेगळे. सहा प्रवाशांच्या गाडीला किलोमीटरला 20 रुपये आणि चालकाला दिवसाला 500 रुपये भत्ता, असे हिशेबापुरते धरू. प्रत्यक्ष दर गाडी आणि हंगामाप्रमाणे बदलतात.

पुणे-मालवण जाऊन-येऊन सुमारे 760 किलोमीटर आणि तिथले फिरणे सुमारे 140, असे मिळून 900 किलोमीटर होतात. चार दिवसांचे किमान 1200 लागतात, म्हणून बिल 1200 चेच होते: 24,000 रुपये, भत्ता 2,000, एकूण 26,000. सहा माणसांत वाटले तर प्रत्येकी साधारण 4,333 रुपये पडतात. तीन माणसांत हीच गाडी प्रत्येकी 8,667 ला जाते, आणि दोघांत 13,000 ला. म्हणून दोघांसाठी मी गाडी सुचवतच नाही. त्यांनी रात्रीच्या बसने जावे, तिथे रिक्षा किंवा भाड्याची दुचाकी घ्यावी, आणि वाचलेल्या पैशांत समुद्राला लागून असलेली खोली घ्यावी.

बारा जण झाले तर टेंपो ट्रॅव्हलर येते, तिचा दर वेगळा असतो, आणि तारकर्लीहून देवबागकडे जाणारा रस्ता अरुंद असल्याने मुक्कामाच्या दारापर्यंत ती जाईल का, वळेल का, हेही आधी विचारावे लागते. सात जण ही सर्वांत अडचणीची संख्या आहे: सहा आसनांच्या गाडीत ते बसत नाहीत, आणि सातव्यासाठी मोठी गाडी घेतली तर खर्च एकदम वर जातो.

येथे एक गोष्ट बारकाईने पाहण्यासारखी आहे. वरच्या हिशेबात 300 किलोमीटरचे पैसे आपण न धावता देत आहोत. तेव्हा तिसऱ्या दिवशी आचऱ्यामार्गे कुणकेश्वर आणि देवगड करून आलात, तर गाडीचे बिल एका रुपयाने वाढत नाही. मात्र तिथेच आणखी एक दिवस नुसते राहायचे ठरवले, तर गाडी उभी असली तरी 300 किलोमीटरचे 6,000 आणि भत्त्याचे 500 असे 6,500 रुपये वाढतात. माणसे आणि दिवस दोन्ही कळल्याशिवाय हा सल्ला देता येत नाही.

संख्या सांगितली की वये कशासाठी विचारता?

दोन टोकांच्या वयांसाठी विचारतो. रेल्वेत पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट लागत नाही. पाच ते बारा वर्षांच्या आतल्या मुलाला बर्थ न घेतल्यास अर्धे भाडे लागते, आणि बर्थ घेतल्यास पूर्ण. मुक्कामाच्या ठिकाणी लहान मुलाला वेगळी गादी लागेल का, त्याचे पैसे लागतील का, हेही वयावरच ठरते. स्कूबासाठी दहा वर्षांखालच्या मुलांना घेऊ नये असा सर्वमान्य नियम आहे, आणि दमा, हृदयविकार किंवा गरोदरपण असल्यास मोठ्यांनाही नकार मिळतो. घरातल्या नऊ वर्षांच्या मुलाला आधीच कबूल करून ठेवले आणि धक्क्यावर नकार मिळाला, तर त्याचा दिवस कसा जातो हे मी पाहिले आहे.

ज्येष्ठांच्या बाबतीत प्रश्न गुडघ्यांचा असतो. किल्ल्याकडे जाणारी होडी पाण्यावर हलत असताना तिच्यात पाय टाकून चढावे लागते, आणि उतरतानाही तसेच. एकदा आत गेल्यावर होडीवाले ठरावीक वेळ देतात, तेवढ्यात उन्हात चालून परत यावे लागते. ज्यांना हे झेपणार नाही त्यांच्यासाठी त्या सकाळी मुक्कामावरच थांबण्याची चांगली सोय हवी, आणि खोली तळमजल्यावर हवी. ‘सहा जण’ या दोन शब्दांत यांतले काहीच दिसत नाही.

बजेट सांगितले की तुम्ही बरोबर तेवढ्याचाच आराखडा करता, अशी भीती वाटते.

ही भीती खोटी नाही. बाजारात तसे होते, म्हणूनच लोक आकडा लपवतात. त्यामुळे मी एकूण रक्कम विचारत नाही, तर तीन साधे प्रश्न विचारतो. खोली एसी हवी की नको? मुक्काम किनाऱ्याला लागूनच हवा, की गावात घरगुती सोय चालेल? आणि गाडी स्वतःची आहे की भाड्याने हवी? या तीन उत्तरांवरून खर्च कोणत्या पातळीवर बसतो ते कळते, आणि मी आपल्याला दोन आकडे लिहून देतो: याच्या खाली नीट सहल होणार नाही असा एक, आणि याच्या वर खर्च करून विशेष काही मिळणार नाही असा दुसरा.

आकडा सांगायचाच असेल तर तो माणशी आहे की सगळ्यांचा मिळून, आणि त्यात प्रवास धरला आहे की नाही, एवढे मात्र स्पष्ट लिहावे. ‘दहा हजार’ असे लिहून कोणाच्या मनात माणशी दहा असतात, कोणाच्या मनात जोडप्याचे मिळून दहा असतात.

सगळी माहिती दिली तर आराखडा कसा येतो? एक उदाहरण द्याल का?

कोथरूडच्या कुटुंबाचेच घेऊ: पती-पत्नी, नऊ आणि चार वर्षांची दोन मुले, सत्तरीतले आजी-आजोबा. दिवाळीनंतरचा आठवडा सोडून नोव्हेंबर, गाडी भाड्याने, एसी खोल्या दोन, एक तळमजल्यावर.

पहिली सुधारणा वारांची केली. त्यांच्या मनात गुरुवार ते रविवार होते. रविवारी संध्याकाळी परतताना साताऱ्यापासून पुण्यात शिरेपर्यंत गर्दी लागते आणि थकलेली मुले गाडीत तासभर जास्त बसतात, म्हणून बुधवार ते शनिवार सुचवले. शनिवारच्या रात्रीची खोलीही त्यामुळे वाचली, जी तिकडे सर्वांत महाग असते.

दुसरी अडचण सामानाची होती. सहा प्रवाशांच्या गाडीत मागची रांग वापरली की डिकी जवळजवळ उरत नाही. म्हणून कॅरिअर असलेली गाडी मागवली आणि आजी-आजोबांना मधल्या रांगेत बसवायचे ठरले.

पहिल्या दिवशी पहाटे साडेपाचला निघणे, सातारा ओलांडून न्याहारी, साडेअकराच्या सुमारास कोल्हापुरात लवकर जेवण, गगनबावड्याचा घाट दुपारी उजेडात उतरून तळेरे-कणकवली-कसालमार्गे साडेचार-पाचपर्यंत मालवण. नोव्हेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, त्यामुळे त्या दिवशी किनाऱ्यावर टेकण्यापलीकडे काही ठेवले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन चढण्याआधी किल्ला, त्यात आजोबा बरोबर आणि आजी धाकट्या मुलाबरोबर मुक्कामावर. दुपारी विश्रांती, संध्याकाळी रॉक गार्डन. तिसऱ्या दिवशी सकाळी कर्ली नदी समुद्राला मिळते त्या देवबागच्या संगमावर होडीची फेरी, तीही भरती-ओहोटीची वेळ आदल्या रात्री होडीवाल्याला विचारून, कारण तिथली वाळूची पट्टी ओहोटीलाच नीट उघडी पडते. दुपारी जेवून कुणकेश्वर. चौथ्या दिवशी सात वाजता निघून अंधार पडण्याच्या आत कोथरूड.

स्कूबा त्यांच्या मूळ इच्छेत होते. नऊ वर्षांच्या मुलाला नेता येणार नव्हते आणि त्याला किनाऱ्यावर ठेवून आईवडिलांनी जाणे त्यांनाच बरे वाटले नाही, म्हणून ते काढून टाकले आणि त्याजागी कुणकेश्वर आले. गाडीचे किलोमीटर 1200 च्या आतच राहिल्याने त्याचा वेगळा खर्च नव्हता.

आम्ही काहीच कळवले नाही, तरी तुम्ही काही पाठवता का?

पाठवतो, पण वर ठळक अक्षरांत गृहीतके लिहून. ‘निघणे पुण्याहून, महिना नोव्हेंबर ते फेब्रुवारी, दोन मोठे व दोन मुले, स्वतःची गाडी, साधी एसी खोली’ असे ते असते. आपण त्यातले जे जुळत नाही तेवढे खोडून परत पाठवावे. कोऱ्या प्रश्नाला उत्तर देण्यापेक्षा चुकीच्या गृहीतकाला दुरुस्त करणे लोकांना सोपे जाते, असा माझा अनुभव आहे. मात्र गृहीतके न वाचता त्यावरच खोल्या धरू नयेत.

रेल्वेने जायचे तर किती आधी ठरवावे?

1 नोव्हेंबर 2024 पासून आगाऊ आरक्षण 120 ऐवजी 60 दिवस आधी उघडते. म्हणजे 25 डिसेंबरच्या गाडीचे आरक्षण 26 ऑक्टोबरला सकाळी आठला सुरू होते, आणि सुट्ट्यांतल्या कोकणच्या गाड्या फार लवकर भरतात. तारीख त्याआधी ठरली नसेल तर आराखडा रस्त्याचाच करावा लागतो. पावसाळ्यात कोकण रेल्वेचे वेळापत्रक वेगळे असते आणि गाड्या सावकाश चालवल्या जातात, त्यामुळे उन्हाळ्यात पाहून ठेवलेली वेळ पावसाळ्यासाठी धरू नये.

तर मग पहिल्या निरोपात नेमके काय लिहावे?

पुढच्यासारख्या तीन ओळी पुरतात, आणि जे ठरले नसेल तिथे ‘ठरले नाही’ असे लिहिले तरी चालते:

‘तारकर्ली, तीन रात्री चार दिवस. नोव्हेंबरचा दुसरा किंवा तिसरा आठवडा, शनिवार-रविवार नसले तरी चालेल. पुण्यात कोथरूडहून निघणार, गाडी भाड्याने हवी. चार मोठे (त्यांत दोघे सत्तरीचे, एकाचे गुडघे दुखतात), मुले नऊ आणि चार वर्षांची. खोली एसी, समुद्र जवळ असावा पण लागून नको. किल्ला पाहायचाच आहे, बाकीचे तुम्ही ठरवा.’

यातले शेवटचे वाक्य मला फार उपयोगी पडते. कोणती एक गोष्ट चुकता कामा नये हे कळले, की तिला सर्वांत चांगली सकाळ देता येते आणि पावसाने किंवा वाऱ्याने त्या दिवशी होडी सुटली नाही, तर तीच गोष्ट दुसऱ्या दिवशी करण्यासाठी आराखड्यात जागा ठेवता येते.